काजूचा तुकडा कितीला पडतो?

वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग किंवा घाटावरच्या चंदगड-आजऱ्याकडच्या काजू कारखानदारांशी हिशेबाच्या गोष्टी निघाल्या, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “अख्ख्या काजूत सुटतं, पण तुकडा तोट्यात जातो.” हे वाक्य बोलणारा माणूस धंद्यात मुरलेला असतो. बी हातात घेऊन तिचा उतारा सांगेल असा. वहीत आकडेही तसेच दिसतात, म्हणून तो मनापासून बोलत असतो. तरीही तुकडा तोट्यात जातो हे म्हणणं खरं नसतं. तो तोटा कारखान्यात कुठेच झालेला नसतो. वहीत खर्च ज्या रीतीने वाटला, त्या वाटणीतून तो उगवलेला असतो.

ही वाटणी नीट कशी करावी, हाच या लेखाचा विषय. लेखापाल त्याला संयुक्त खर्चाचं वाटप म्हणतात. एकाच कच्च्या मालातून, एकाच खर्चात, एकदम दोन-चार वेगवेगळ्या वस्तू बाहेर पडतात, तेव्हा प्रत्येक वस्तू ‘कितीला पडली’ हे सांगायचं कसं? उसापासून साखर आणि मळी, सोयाबीनपासून तेल आणि पेंड, दुधापासून मलई आणि सायविरहित दूध, सगळीकडे हा प्रश्न आहे. काजूच्या कारखान्यात मात्र तो टेबलावर मांडून ठेवल्यासारखा उघड दिसतो, म्हणून तिथूनच तो समजून घेऊ.

आधी बी कारखान्यात आल्यावर काय होतं ते पाहू. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत बागायतदाराकडून काजू बी येते. व्यापारात तिचं माप ऐंशी किलोचं पोतं. बी उन्हात वाळवून साठवली, की वर्षभर पुरते. मग ती कुकरमध्ये वाफेवर शिजवतात, त्यामुळे टरफल सुटायला सोपं जातं. रात्रभर निवली, की हाता-पायाने चालवायच्या यंत्रावर एकेक बी कापून गर बाहेर काढायचा. हा गर अजून तांबूस सालीत असतो. तो ओव्हनमध्ये, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बोरम्यात, कित्येक तास वाळतो. मग छोट्या चाकूने साल काढायची. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. गर न मोडता साल काढणं हे हाताचं कसब आहे, आणि कारखान्याचा नफा बऱ्याच अंशी त्या कसबावर उभा असतो.

साल निघाल्यावर प्रतवारीच्या टेबलावर माल वेगळा होतो. अख्खा गर एकीकडे. त्यातही डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे आकार असतात, आणि तो आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याची संख्या. आकडा लहान तितका गर मोठा आणि महाग. उभा दुभंगलेला गर म्हणजे पाकळी. त्याखाली तुकडा, आणि सगळ्यात शेवटी बारीक कणी. कापतानाच वेगळं झालेलं टरफल आवारात ढीग लावून पडलेलं असतं, आणि सालीची पोती कोपऱ्यात.

आता हिशेबाच्या दृष्टीने या साखळीतली कळीची जागा कोणती? प्रतवारीचं टेबल. तिथपर्यंत हा खर्च अख्ख्या गराचा आणि हा तुकड्याचा असं म्हणायला कुठेच वाव नाही. बी विकत घेताना तिच्यातून अख्खा गर निघेल की चुरा होईल हे कुणाला ठाऊक? कुकरची वाफ दोघांनी सारखीच घेतली, कापणाऱ्या बाईची मजुरीही दोघांवर मिळून गेली. टेबलावर आल्यावर मात्र चार वस्तू चार वस्तू म्हणून ओळखू येतात, त्यांचे चार भाव सांगता येतात. या जागेला विभाजन बिंदू म्हणतात. त्याच्या अलीकडचा सगळा खर्च संयुक्त. त्याच्या पलीकडे, समजा पाकळी खारवली, तर तो खर्च फक्त पाकळीचा.

एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. भाव हंगामागणिक आणि बाजारागणिक बदलतात, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं धंद्यात साधारण असंच असतं.

एका लहान कारखान्याने शंभर पोती, म्हणजे ८,००० किलो बी १३० रुपये किलोने घेतली. बीचे झाले १०,४०,००० रुपये. वाळवण्यापासून साल काढण्यापर्यंत मजुरी, इंधन, वीज आणि यंत्रांची झीज मिळून २,००,०००. एकूण १२,४०,०००. त्यातून २,००० किलो गर मिळाला, म्हणजे बीच्या वजनाचा चौथा हिस्सा. ५,६०० किलो टरफल निघालं, २४० किलो साल, आणि उरलेलं १६० किलो वजन ओलाव्याबरोबर उडून गेलं.

टरफलाचं आणि सालीचं काय करायचं ते पुढे सविस्तर येईल. तूर्त एवढंच धरू, की दोन्ही विकून, गाडीभाडं वजा जाता, ४०,००० रुपये हाती राहतात आणि ते आपण खर्चातून कमी करतो. म्हणजे २,००० किलो गरावर वाटायला उरले बरोबर १२,००,००० रुपये.

सगळ्यात सोपी वाटणी वजनाची. बारा लाखांना दोन हजार किलोंनी भागलं, की प्रत्येक किलो ६०० रुपयांना पडला. अख्खा ८५० ला जातो, म्हणजे किलोमागे २५० सुटले. पाकळी ७०० ला जाते, १०० सुटले. तुकडा ५५० ला जातो, तिथे ५० चा तोटा. कणी ३५० ला जाते, तिथे तर २५० चा तोटा. कारखानदाराचं ‘तुकडा तोट्यात जातो’ हे वाक्य इथे जन्माला येतं.

या उत्तरावर विश्वास ठेवायचा झाला, तर पुढची पायरी सरळ आहे: तोट्याचा माल बनवणं बंद करा. पण तुकडा कुणी ‘बनवतो’ का? बी कापली, की काही गर अख्खे निघतात आणि काही मोडतात. ३०० किलो तुकडा आणि १०० किलो कणी फेकून दिली, तर बीच्या बिलातला एक रुपयाही परत येणार नाही. उलट त्यांच्या विक्रीचे २,००,००० रुपये मात्र जातील. ज्या वाटणीचा शब्द पाळला तर धंद्याचं नुकसान होतं, त्या वाटणीत मुळातच काही तरी चुकलेलं असतं. वजनाची वाटणी असं गृहीत धरते, की कारखानदाराने किलोभर कणीसाठी आणि किलोभर अख्ख्या काजूसाठी सारखेच पैसे मोजले. पण १३० रुपयांनी बी घेताना त्याच्या डोळ्यासमोर कणी नव्हती. तिच्यातून अख्खा गर किती निघेल याचा अंदाज करूनच त्याने तो भाव दिला होता.

म्हणून दुसरी रीत. विभाजन बिंदूवर, म्हणजे टेबलावरून उतरताना, ज्या मालाचं बाजारात जितकं मोल, त्या प्रमाणात त्याने खर्चाचा भार उचलायचा. कृती अगदी साधी आहे. प्रत्येक प्रतीचं वजन गुणिले तिचा भाव, असं विक्रीमूल्य काढा. सगळ्यांची बेरीज करा. एकूण खर्चाला त्या बेरजेने भागा. आपल्या हिशेबात ते असं दिसेल:

| प्रत | वजन (किलो) | भाव (रु.) | विक्रीमूल्य (रु.) | वाट्याचा खर्च (रु.) | किलोला पडला (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| अख्खा | १,२०० | ८५० | १०,२०,००० | ८,१६,००० | ६८० |
| पाकळी | ४०० | ७०० | २,८०,००० | २,२४,००० | ५६० |
| तुकडा | ३०० | ५५० | १,६५,००० | १,३२,००० | ४४० |
| कणी | १०० | ३५० | ३५,००० | २८,००० | २८० |
| एकूण | २,००० | | १५,००,००० | १२,००,००० | |

बारा लाखांना पंधरा लाखांनी भागलं, की ऐंशी पैसे येतात. म्हणजे विक्रीच्या प्रत्येक रुपयामागे ऐंशी पैसे खर्च, मग तो रुपया अख्ख्याचा असो की कणीचा. तुकडा आता ६०० ला नाही, ४४० ला पडतो आणि ५५० ला विकला तर ११० रुपये ठेवतो. चारही प्रती रुपयाला वीस पैसे नफा दाखवतात. एकूण नफा दोन्ही रीतींत तोच, तीन लाख. बदलला तो फक्त त्याचा वाटा.

दोन्हीकडे नफा तोच असेल, तर एवढा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. सगळा माल त्याच वर्षी विकला गेला, तर खरोखरच कशाला नको. पण ३१ मार्चला गोदाम रिकामं असतंच असं नाही. समजा वर्षअखेर अख्खा आणि पाकळी विकली गेली आणि तुकडा व कणी शिल्लक राहिली. वजनाच्या रीतीने हा शिल्लक माल ४०० गुणिले ६००, म्हणजे २,४०,००० चा. बाजारात तो मोजून २,००,००० ला जाणार आहे. विकल्यावर मिळणार त्याहून जास्त किमतीला माल ताळेबंदात धरणं कुठल्याच नियमात बसत नाही. साठ्याच्या मोजणीचं आपल्याकडचं लेखामानक, एएस २, सांगतं की खर्च किंवा विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांतलं जे कमी ते धरा. मग बसा चाळीस हजार खाली ओढत. विक्रीमूल्याच्या रीतीने हाच साठा १,३२,००० अधिक २८,०००, म्हणजे १,६०,००० चा धरला जातो. यंदा नफा २,६०,००० दिसतो आणि उरलेले ४०,००० पुढच्या वर्षी तुकडा-कणी विकली, की दिसतात. माल ज्या वर्षी विकला त्या वर्षी त्याचा नफा, हे जास्त सरळ आहे. हेच मानक संयुक्त उत्पादनांच्या बाबतीत म्हणतं, की खर्च तर्काला धरून आणि दरवर्षी त्याच पद्धतीने वाटा. तशा वाटणीचं उदाहरण म्हणून ते वस्तू वेगळ्या ओळखू येतात त्या टप्प्यावरच्या किंवा काम पुरं झाल्यावरच्या विक्रीमूल्याचं प्रमाण देतं.

इथे एक चूक वारंवार होते. वाटणी करताना तयार झालेल्या मालाचं मूल्य घ्यायचं असतं, विकलेल्या मालाचं नव्हे. ‘विक्रीमूल्य’ म्हटल्यावर हात आपोआप विक्रीच्या खातेवहीकडे जातो. वरच्याच उदाहरणात विक्री झाली ती फक्त अख्ख्याची आणि पाकळीची, तेरा लाखांची. तेच प्रमाण धरलं, तर सगळे बारा लाख या दोघांवर पडतात आणि गोदामातला ४०० किलो माल फुकटचा ठरतो. यंदाचा नफा एक लाखावर येतो आणि पुढच्या वर्षी दोन लाख आकाशातून पडतात. असं झालं आहे का हे ओळखणं सोपं आहे. शिल्लक मालाचा किलोचा भाव काढून पाहावा. तो शून्याच्या आसपास असेल किंवा बाजारभावाच्या वर असेल, तर वाटणी तपासायलाच हवी.

भाव कोणता धरायचा, हा दुसरा नाजूक मुद्दा. समजा दिवाळीच्या तोंडावर मिठाईवाल्यांची मागणी आली आणि तुकडा ५५० वरून ६५० वर गेला. आता एकूण विक्रीमूल्य १५,३०,००० होतं, आणि अख्खा काजू ६८० ऐवजी साधारण ६६७ ला पडतो. बी तीच, मजुरी तीच, अख्ख्याचा भावही तोच. तुकडा महाग झाला म्हणून अख्खा स्वस्तात पडला! ही या रीतीची मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच ती वापरायची असते. म्हणून एखाद्या दिवसाचा चढा भाव न घेता उत्पादनाच्या काळातला सरासरी भाव घ्यावा, दरवर्षी त्याच पद्धतीने घ्यावा, आणि भाव प्रतवारीच्या टेबलावरच्या सुट्या मालाचा असावा. शहरातल्या दुकानात पाव किलोच्या आकर्षक पाकिटावर छापलेला भाव इथे चालत नाही. त्यात पाकिटाचा खर्च, वाहतूक आणि दुकानदाराचा वाटा मिसळलेला असतो.

दुसरीही मर्यादा इथेच सांगायला हवी. ही रीत भावावरून खर्च काढते. म्हणून त्या खर्चावरून भाव ठरवायला बसू नये. ‘तुकडा ४४० ला पडला, म्हणून ५०० ला परवडेल’ असं म्हणणारा माणूस स्वतःच्याच सावलीचा माग काढत असतो, कारण ४४० हा आकडा मुळात ५५० च्या भावातून आला आहे.

मला या रीतीबद्दल सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ती प्रत्येक प्रतीला सारखाच नफा देते, आणि त्यामुळे कारखान्यातली खरी इजा झाकून टाकते. समजा पुढच्या शंभर पोत्यांच्या वेळी वाफ कमी-जास्त झाली किंवा गर बोरम्यात गरजेपेक्षा जास्त वाळून ठिसूळ झाला. अख्खा १,२०० वरून १,००० किलोवर आला आणि तुकडा ३०० चा ५०० झाला. बाकी सगळं तेच. विक्रीमूल्य आता १४,४०,०००. म्हणजे साठ हजार रुपये नुसत्या मोडण्यात गेले. पण प्रतवार तक्ता काय सांगेल? रुपयाला सुमारे त्र्याऐंशी पैसे खर्च, आणि चारही प्रती सुमारे सतरा पैसे नफ्यात. कुठलीच प्रत तोट्यात नाही, कुठेही लाल शाई नाही. तक्ता पाहून कुणाच्या लक्षातही येणार नाही, की दोनशे किलो अख्खा गर चुकीच्या वाफेने किंवा ठिसूळपणाने गेला.

म्हणून काजूच्या कारखान्यात खर्चाच्या तक्त्याशेजारी आणखी दोन आकडे हवेत, आणि ते पैशांचे नाहीत. एक म्हणजे पोत्यामागे गर किती किलो निघाला, आणि दुसरा म्हणजे त्या गरात अख्खा शेकडा किती. पहिल्या खेपेला अख्खा शेकडा साठ होता, दुसऱ्या खेपेला पन्नास झाला. एवढा एक आकडा रोज संध्याकाळी फळ्यावर लिहिला, तर कुकर आणि बोरम्याजवळ काय बिघडलं याची विचारणा दुसऱ्या दिवशीच होते. वर्षअखेरच्या तक्त्याची वाट पाहावी लागत नाही. प्रतवार नफा पाहून कारखाना चालवणाऱ्याला मी नेहमी हेच सांगेन: तक्ता साठ्याची किंमत ठरवण्यासाठी ठेवा, कारखान्याची नाडी उताऱ्याच्या आकड्यात पाहा.

पाकळी खारवून विकायची की तशीच, हा रोजचा निर्णय घेतानाही वाटलेल्या खर्चाकडे पाहायचं नसतं. टेबलावर पाकळीला ७०० मिळतात. खारवून आणि पाकीट करून ८०० मिळतात असं धरू. किलोमागे जादा खर्च ६० येत असेल, तर १०० जास्त मिळवायला ६० घातले, ४० सुटले. ४०० किलोचे सोळा हजार. खारवावी. पण तोच खर्च १२० असेल तर? वहीत ८०० उणे ५६० उणे १२०, असे १२० रुपये नफा दिसतो आणि माणूस खूश होतो. टेबलावरच विकली असती, तर ७०० उणे ५६०, म्हणजे १४० सुटले असते. खारवण्यात किलोमागे वीस रुपये गेले, आणि वहीने ते नफा म्हणून दाखवले. ५६० च्या जागी ६०० किंवा ४०० काहीही लिहा, निर्णय बदलत नाही, कारण तो खर्च दोन्ही वाटांवर सारखाच झालेला आहे. जादा किती मिळतं आणि त्यासाठी जादा किती घालावं लागतं, एवढंच तपासायचं.

कधी टेबलावर मालाला भावच नसतो, म्हणजे सुटा माल कुणी विकत घेत नाही आणि तो पुढे नेल्यावरच गिऱ्हाईक मिळतं. मग शेवटच्या भावातून पुढचा खर्च वजा करून मागे यायचं आणि त्या रकमेला विभाजन बिंदूवरचं मूल्य मानायचं. खारवलेली पाकळी ८०० ला, खर्च ६०, म्हणून टेबलावर ७४०. पण खरा भाव उपलब्ध असताना हा आडमार्ग घेऊ नये. त्यात खारवण्यातून मिळालेलं जास्तीचं मोलही टेबलावरच्या मालाच्या नावावर चढतं.

आता आवारातला टरफलाचा ढीग. वजनाने तो गराच्या जवळजवळ तिप्पट आहे. वजनाने खर्च वाटायचा हट्ट धरला, तर सगळ्यात मोठा वाटा टरफलाच्याच नावावर जाईल! पण ८,००० किलो बी कुणी टरफलासाठी घेत नाही. चारही प्रतींचे मिळून पंधरा लाख, आणि टरफल-सालीचे चाळीस हजार, म्हणजे शेकडा तीन रुपयांहूनही कमी. ज्याच्यासाठी उद्योग मांडलेला नाही आणि ज्याचं मोल मुख्य मालापुढे किरकोळ आहे, ते उपउत्पादन. त्याला खर्चाचा वाटा देत नाहीत. उलट त्याच्यातून हाती येणारी निव्वळ रक्कम संयुक्त खर्चातून वजा करतात.

‘निव्वळ’ या शब्दाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून हिशेब दाखवतो. टरफल घेणारा तेल काढणारा कारखाना ८ रुपये किलो देतो असं धरू. भरणावळ आणि गाडीभाडं मिळून किलोला १ रुपया. उरले ७. ५,६०० किलोचे ३९,२००. सालीचे ठोक ८००. मिळून ४०,०००. हे वजा केल्यावरच १२,४०,००० चे १२,००,००० झाले. या रीतीत टरफल स्वतः नफाही दाखवत नाही आणि तोटाही. त्याचा सगळा फायदा गराचा खर्च थोडा हलका करण्यात जातो. एएस २ हीच वाट दाखवतं: किरकोळ उपउत्पादनाचं निव्वळ मूल्य काढा आणि ते मुख्य मालाच्या खर्चातून कमी करा.

दुसरी प्रथा अशी, की टरफल निघतं तेव्हा वहीत काहीच करायचं नाही. विकलं जाईल तेव्हा आलेली रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून लिहायची. लहान कारखान्यात ती सोयीची आहे, आणि टरफल आठवड्याला उचललं जात असेल तर फरकही पडत नाही. पण पाऊस लागला, गाड्या थांबल्या आणि वर्षअखेर ढीग तसाच राहिला, की फरक दिसतो. पहिल्या रीतीत यंदाचा गर चाळीस हजारांनी हलका होतो. दुसऱ्या रीतीत यंदा पूर्ण १२,४०,००० गरावर बसतात आणि पुढच्या वर्षी, न केलेल्या कामाचं उत्पन्न दिसतं. शिवाय दुसऱ्या रीतीत एक गैरसोय आहे. वहीत नोंदच नसलेल्या ढिगावर लक्ष कुणाचं ठेवणार? किती निघालं हे लिहिलेलंच नसेल, तर किती गाड्या बाहेर गेल्या याचा मेळ घालता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: टरफल निघतं त्याच दिवशी त्याचं वजन आणि अंदाजी निव्वळ मूल्य नोंदवावं, आणि विकल्यावर फरक पडला तर तो त्या वेळी दुरुस्त करावा.

पुष्कळ कारखाने टरफल स्वतःच्याच बॉयलरखाली जाळतात. तिथे एक लबाडी नकळत शिरते. टरफलाचं मूल्य खर्चातून वजा होतं, पण बॉयलरच्या इंधनात ते धरलं जात नाही. म्हणजे बचत दोनदा मोजली. हजार किलो टरफल जाळलं, तर सात हजार टरफलाच्या नावावर जमा करा आणि तेच सात हजार इंधनाच्या खर्चात घाला. वाफ स्वतःच संयुक्त खर्चात असल्यामुळे दोन्ही नोंदी एकमेकींना खातात आणि गराचा खर्च फसवा कमी होत नाही. सात हजारांत लाकूड जास्त उष्णता देतं का, हेही त्या निमित्ताने कळतं.

उपउत्पादन कायम उपउत्पादनच राहील असं नाही. काजूच्या टरफलातलं तेल रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये लागतं. एखाद्याने स्वतःचा तेलघाणा घातला, मागणी वाढली आणि टरफलाकडून येणारी रक्कम शेकड्याला तीनवरून पंधरा-वीसवर गेली, तर त्याला किरकोळ म्हणणं थांबवावं लागेल. मग टरफलही संयुक्त उत्पादन ठरेल आणि खर्चाचा वाटा उचलेल. मर्यादा नेमकी किती, हे कुठला नियम आकड्यात सांगत नाही. ते त्या धंद्याच्या आकारावरून ठरवावं लागतं, आणि एकदा ठरवलं की सोयीप्रमाणे दरवर्षी बदलायचं नाही.

हा भेद कागदी वाटत असेल, तर उसाकडे पाहावं. मळी, बगॅस आणि प्रेसमड ही साखर कारखान्याची उपउत्पादनं. त्यांच्या पैशांत शेतकऱ्याचा हक्क आहे की नाही, हा वाद आपल्याकडे जुना. रंगराजन समितीने २०१२ मध्ये ऊसदरासाठी महसूल वाटपाचं सूत्र सुचवलं: साखर आणि मुख्य उपउत्पादनं यांच्या मिळून मूल्याच्या ७० टक्के शेतकऱ्याला, किंवा नुसत्या साखरेच्या मूल्याच्या ७५ टक्के. महाराष्ट्राने महसूल वाटपाच्या या तत्त्वावर २०१३ मध्ये कायदा केला. मळी धरली तर सत्तर आणि सोडली तर पंच्याहत्तर, म्हणजे उपउत्पादनांचं मोल साखरेच्या साधारण सात टक्के आहे असं या दोन आकड्यांत गृहीत आहे. ते मोल त्याहून वर चढलं, की सत्तर टक्क्यांचं सूत्र शेतकऱ्याच्या फायद्याचं ठरतं. मळीपासून इथेनॉल करायला कारखाने सरसावले, तेव्हा ‘उप’ म्हणून काय धरायचं, हा प्रश्न लेखापालाच्या टेबलावरून थेट उसाच्या फडात पोचतो. काजू बागायतदाराला असं सूत्र नाही. त्याला बीचा भाव मिळतो आणि गर, टरफल, साल यांचा हिशेब कारखान्याच्या भिंतीआड राहतो. पण बीचा भाव ठरवताना कारखानदार गराच्या उताऱ्याबरोबर टरफलाचे सात रुपयेही मनात धरतच असतो. आपल्या ऐंशी किलोच्या पोत्यातून ५६ किलो टरफल निघतं आणि त्याचे पावणेचारशेहून जास्त रुपये येतात, हे बागायतदारालाही ठाऊक असायला हरकत नाही.